लिहून देणार कोण, लिहून घेणार कोण?

मराठीत लिहिलेल्या जुन्या दस्तांची एक सोय होती. खरेदीखत असो, गहाणखत असो वा भाडेपट्टा असो, पहिल्याच पानावर दोन पक्ष उभे राहत: एक ‘लिहून देणार’ आणि दुसरा ‘लिहून घेणार’. शेवटच्या ओळीपर्यंत हीच दोन नावे चालत आणि अल्पशिक्षित माणसालाही आपण कोणत्या बाजूला आहोत, हे समजत असे. आता व्यापारी जागेचे करार, कर्जाची कागदपत्रे आणि हमीपत्रे बहुधा इंग्रजीत होतात. तेथे हीच दोन माणसे ‘लेसर’ आणि ‘लेसी’ या नावांनी वावरतात. दोन्ही शब्दांचा आरंभ एकच, फरक केवळ शेवटच्या दोन अक्षरांचा. घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून तो निसटतो आणि टंकलेखन करणाऱ्याच्या बोटांतूनही.

इंग्रजी कायदेशीर मजकुरात अशा जुळ्या शब्दांच्या तीन जोड्या व्यापाऱ्याच्या वाट्याला वारंवार येतात. पहिली लेसर आणि लेसी यांची. दुसरी प्रिन्सिपल आणि प्रिन्सिपल यांची. एकाचा शेवट ‘ए-एल’ असा होतो आणि दुसऱ्याचा ‘एल-ई’ असा. तिसरी अफेक्ट आणि इफेक्ट यांची. संगणकातील शुद्धलेखन तपासणी या चुका सहसा पकडत नाही, कारण प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे शुद्धच असतो. लाल रेघ उमटते ती अस्तित्वात नसलेल्या शब्दाखाली, चुकीच्या जागी बसलेल्या शब्दाखाली नव्हे.

मात्र या सर्व चुका सारख्या घातक नसतात, आणि कोणती चूक घातक हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. संशयित शब्दाच्या जागी त्याचा जुळा शब्द ठेवून वाक्य पुन्हा वाचावे. वाक्य निरर्थक झाले, तर तेथे झालेली चूक कोणाच्याही लक्षात येईल आणि वाद झालाच तरी न्यायालय संपूर्ण दस्त वाचून खरा अर्थ लावू शकेल. पण जुळा शब्द ठेवूनही वाक्य तितकेच सरळ व अर्थपूर्ण राहिले, तर ती जागा धोक्याची होय. तेथे चूक चुकीसारखी दिसत नाही. ती कराराच्या अटीसारखी दिसते.

प्रथम लेसर आणि लेसी यांचा विचार करू. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०५ नुसार स्थावर मालमत्तेच्या उपभोगाचा हक्क मोबदल्याच्या बदल्यात हस्तांतरित करणारा तो लेसर आणि तो हक्क स्वीकारणारा तो लेसी. शासकीय मराठीत त्यांना अनुक्रमे पट्टाकार आणि पट्टेदार म्हणतात. बोलीभाषेत एक जागेचा मालक आणि दुसरा भाडेकरू. शब्दाच्या शेवटी ‘ओ-आर’ असेल तर तो देणारा आणि ‘डबल ई’ असेल तर तो घेणारा, अशी खूण बहुतेकांना सांगितलेली असते. लायसन्सर आणि लायसन्सी, व्हेंडर आणि व्हेंडी या जोड्यांनाही तीच खूण लागू पडते.

या खुणेत एक खाच आहे. गहाणाच्या दस्तात कर्ज देणारी बँक ‘मॉर्गेजी’ असते आणि कर्ज घेणारा व्यापारी ‘मॉर्गेजर’. ‘ओ-आर म्हणजे देणारा’ एवढेच पाठ केलेला माणस येथे हमखास गोंधळतो, कारण त्याच्या दृष्टीने पैसे देणारी बँक असते. वास्तविक ‘ओ-आर’चा संबंध पैशाशी नसून मालमत्तेवरील हक्काशी आहे. गहाणात व्यापारी आपल्या मालमत्तेवरील हक्क बँकेला देतो, म्हणून तो मॉर्गेजर. दागिने वा माल तारण ठेवताना ठेवणारा ‘पॉनर’ आणि ठेवून घेणारा ‘पॉनी’, ही १८७२ च्या करार कायद्यातील नावेही याच नियमाने पडली आहेत. येथे जुन्या मराठी दस्तांची भाषा अधिक उपयोगी पडते. गहाणखतात कर्जदार हाच ‘लिहून देणार’ असतो आणि सावकार वा बँक ‘लिहून घेणार’. तेव्हा ‘ओ-आर’ म्हणजे लिहून देणार आणि ‘डबल ई’ म्हणजे लिहून घेणार, असे लक्षात ठेवले तर भाडेपट्टा, गहाण आणि खरेदी या तिन्ही ठिकाणी फसगत होत नाही.

आता एक कल्पित, पण नेहमी घडू शकेल असा व्यवहार पाहू. समजा, एका धान्य व्यापाऱ्याने बाजारपेठेजवळ एक गोदाम पाच वर्षांसाठी भाड्याने घेण्याचे ठरविले. भाडे दरमहा ४०,००० रुपये. बैठकीत तोंडी ठरले ते असे: मालमत्ता कर मालकाने भरावा, छप्पर आणि भिंती यांची दुरुस्ती मालकाने करावी, आतील रंगकाम, दिवे आणि विजेची किरकोळ दुरुस्ती व्यापाऱ्याने पाहावी, मुदत संपल्यावर व्यापाऱ्याने गोदाम रिकामे करून द्यावे. मालमत्ता कर वर्षाला ३६,००० रुपये. मसुदा मालकाच्या बाजूने तयार होऊन आला, तो इंग्रजीत. व्यापाऱ्याने नावे, पत्ते, भाड्याचा आकडा, अनामत रक्कम आणि तारखा तपासल्या. सर्व बरोबर होते.

मसुद्यातील सहावे कलम असे होते की मालमत्ता कर आणि स्थानिक संस्थेच्या अन्य आकारण्या लेसीने भराव्यात. नववे कलम म्हणत होते की छप्पर आणि भिंतींची दुरुस्ती लेसीने स्वखर्चाने करावी. बाराव्या कलमात लिहिले होते की मुदत संपताच लेसरने जागेचा रिकामा ताबा लेसीला द्यावा.

वर सांगितलेली कसोटी आता लावून पाहू. बारावे कलम जसे आहे तसे निरर्थक आहे. पाच वर्षे ताबा व्यापाऱ्याकडेच असणार. मुदत संपल्यावर मालक त्याला कोणता ताबा देणार? दोन्ही शब्दांची अदलाबदल केली की वाक्य ताबडतोब शहाणे होते. ही चूक वाद झाला तरी फारशी नडणार नाही. सहावे आणि नववे कलम मात्र दोन्ही बाजूंनी अर्थपूर्ण आहेत. मालमत्ता कर मालक भरतो असे करार असतात आणि भाडेकरू भरतो असेही असतात. दुरुस्तीचेही तसेच. हे वाक्य वाचणाऱ्या तिसऱ्या माणसाला, मग तो वकील असो वा न्यायाधीश, येथे चूक झाली असे वाटण्याचे कारणच नाही. एका शब्दाच्या फरकाने पाच वर्षांचा १,८०,००० रुपयांचा कर, म्हणजे साडेचार महिन्यांचे भाडे, मालकाकडून व्यापाऱ्याच्या अंगावर आले. छप्पर बदलण्याचा खर्च त्याहून वेगळा.

येथे कायद्याची मूळ भूमिका ठाऊक असणे उपयुक्त ठरते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ पट्टाकार आणि पट्टेदार यांचे हक्क व जबाबदाऱ्या सांगते. परंतु त्याच्या आरंभीच अशी मर्यादा घातली आहे की एरवीचा करार किंवा स्थानिक रिवाज नसेल तरच ते लागू होते. करारात जे लिहिले असेल ते आधी चालते. त्याच कलमात भाडेकरूला एक मोलाचा आधार दिला आहे. जी रक्कम भरणे मालकावर बंधनकारक आहे आणि न भरल्यास जी भाडेकरूकडून अथवा त्या मालमत्तेतून वसूल होऊ शकते, ती मालकाने भरली नाही, तर भाडेकरू स्वतः भरून व्याजासह भाड्यातून वळती करू शकतो. मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती, सूचना देऊनही वाजवी मुदतीत झाली नाही, तर तिच्या खर्चाबाबतही तसेच. या दोन्ही तरतुदींचा पाया एकच आहे: ती जबाबदारी मालकावर असली पाहिजे. ‘लेसर’च्या जागी ‘लेसी’ झाले की कर तर द्यावा लागतोच, शिवाय वळती करण्याचा हा आधारही हातचा जातो.

असा घोटाळा होतो कसा, हे समजल्यास तो शोधणे सोपे जाते. मसुदे क्वचितच कोऱ्या कागदावर लिहिले जातात. जुन्या करारावर नवी नावे घातली जातात, एका करारातील चार कलमे दुसऱ्यात चिकटवली जातात. एका मूळ मसुद्यात कर भाडेकरूकडे होता, दुसऱ्यात मालकाकडे. दोन्हींची सरमिसळ झाली की जबाबदाऱ्याही मिसळतात. कधी ‘मालक’ आणि ‘भाडेकरू’ या अर्थाचे इंग्रजी शब्द संगणकावर एका फटक्यात बदलून तेथे लेसर आणि लेसी घातले जातात आणि त्या बदलात एखादे कलम उलटे होते. म्हणूनच बाराव्या कलमासारखी उघड निरर्थक चूक सापडली, तर ती दुरुस्त करून समाधान मानू नये. तांदळात एक खडा सापडला की सुपातील सगळे तांदूळ पुन्हा निवडावे लागतात. हा मसुदा यांत्रिकपणे जोडलेला आहे, याची ती खूण असते.

निवडण्याची रीत साधी आहे. मसुद्याची छापील प्रत घ्यावी. ‘ओ-आर’ने संपणाऱ्या प्रत्येक पक्षनामाखाली लाल पेन्सिलीने आणि ‘डबल ई’ने संपणाऱ्या नामाखाली निळ्या पेन्सिलीने रेघ मारावी. मग प्रत्येक कलम मोठ्याने वाचावे. मात्र लेसर वा लेसी न म्हणता तेथे माणसाचे खरे नाव घ्यावे. ‘कर लेसीने भरावा’ हे वाक्य कानाला खटकत नाही. तेच ‘कर आपण भरावा’ असे ऐकू येताच व्यापारी सावध होतो. घरातील दुसऱ्या कोणी वाचावे आणि व्यवहार ठरविणाऱ्याने ऐकावे, हे अधिक चांगले. लिहिलेले पाहताना डोळा अपेक्षित शब्दच पाहतो, कानाला ती सवय नसते. भरणे, सोसणे, दुरुस्त करणे, विमा उतरविणे, नुकसान भरून देणे आणि ताबा सोडणे या अर्थाची क्रियापदे जेथे जेथे येतील, तेथे कर्ता कोण हे समासात मराठीत लिहून ठेवावे. शेवटी समासातील टिपणे बैठकीत ठरलेल्या मुद्द्यांशी ताडून पाहावीत. गोदामाच्या उदाहरणात ही तपासणी अर्ध्या तासाहून अधिक वेळ घेणार नाही.

या वाचनात आणखी एका शब्दावर नजर ठेवावी. ‘कमी’ या अर्थाचा इंग्रजी शब्दही कानाला लेसरच वाटतो. त्याचा शेवट ‘ई-आर’ने होतो आणि त्यात एक ‘एस’ दुहेरी असतो, पट्टाकाराच्या शब्दाप्रमाणेच. दोन रकमांपैकी जी कमी असेल ती, या अर्थाच्या वाक्यात तो येतो. तेथे अदलाबदल झाली तर वाक्य बहुधा मोडते, म्हणून ती चूक दिसून येते. पण शुद्धलेखन तपासणी तिलाही हरकत घेत नाही.

महाराष्ट्रात दस्त नोंदविल्यानंतर मिळणारी ‘सूची क्रमांक दोन’ही या कामी उपयोगी आहे. तिच्यात दस्त करून देणाऱ्या आणि करून घेणाऱ्या पक्षकारांची नावे मराठीत वेगवेगळ्या रकान्यांत येतात. इतकेच नव्हे, तर बाजारभावाच्या रकान्यापुढे, भाडेपट्ट्याच्या बाबतीत आकारणी पट्टाकार देतो की पट्टेदार हे नमूद करावे, अशी सूचना छापलेली असते. कर कोणाकडे, हा प्रश्न भाडेपट्ट्यात नेहमीचा आहे, याची ही शासकीय पावतीच म्हणावी लागेल. नोंदणीच्या वेळी संगणकावर भरलेली माहिती सही करण्यापूर्वी दाखविली जाते, तेव्हा हा रकाना इंग्रजी दस्तातील कलमाशी जुळतो की नाही हे पाहून घ्यावे.

दुसरी जोडी प्रिन्सिपलची. मराठीत लिहिताना दोन्ही शब्द एकसारखेच दिसतात आणि उच्चारही एकच, म्हणून फरक फक्त इंग्रजी अक्षरांत राहतो. ‘एल-ई’ने संपणारा शब्द म्हणजे तत्त्व, आणि त्याला दुसरा अर्थ नाही. ‘ए-एल’ने संपणाऱ्या शब्दाचे मात्र व्यापारात तीन अर्थ आहेत: मुख्य, मुद्दल, आणि ज्याच्या वतीने दुसरा काम करतो तो मूळ धनी. व्याजाच्या गणितात मुद्दलाच्या जागी तत्त्व लिहिले गेले, तर हसू येईल, नुकसान होणार नाही. कारण तत्त्वावर व्याज आकारता येत नाही, हे कोणालाही कळते. वरील कसोटीप्रमाणे ही निरुपद्रवी चूक होय.

धोका दोन ठिकाणी आहे. पहिले ठिकाण बँकेच्या पत्रातील ‘इन प्रिन्सिपल’ मंजुरीचे. येथे अभिप्रेत शब्द ‘एल-ई’चा असतो आणि अर्थ ‘तत्त्वतः मंजुरी’ एवढाच. म्हणजे प्रस्तावाला सकृद्दर्शनी हरकत नाही. मालमत्तेचा कायदेशीर अहवाल, मूल्यांकन आणि अन्य अटी पूर्ण झाल्यावर अंतिम मंजुरीचा विचार होईल. हाच शब्द ‘ए-एल’ने टंकलिखित झाला वा तसा वाचला गेला, तर मुद्दल मंजूर झाले असा समज होऊ शकतो. त्या भरवशावर एखाद्याने जागेचा विसार दिला आणि पुढे अंतिम मंजुरी मिळाली नाही, तर विसार परत मिळणे हे विसारपावतीतील अटींवर अवलंबून राहते. पत्रात रक्कम लिहिलेली आहे म्हणजे ती मिळणार, असे नव्हे. पत्राच्या शीर्षकातील आणि पहिल्या परिच्छेदातील हा शब्द कोणता आहे, ते आधी पाहावे.

दुसरे ठिकाण हमीपत्राचे, आणि तेथे स्पेलिंग पूर्ण बरोबर असूनही घोटाळा होतो. करार कायद्याच्या कलम १२६ नुसार हमीच्या व्यवहारात तीन पक्ष असतात: हमी देणारा जामीनदार, ज्याच्यासाठी हमी दिली तो ‘प्रिन्सिपल डेटर’ म्हणजे मूळ ऋणको, आणि ज्याला हमी दिली तो धनको. कलम १२८ सांगते की करारात वेगळे ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच व्यापक असते. म्हणजे मुद्दलाबरोबर व्याज आणि कर्ज करारानुसार देय असलेला इतर आकारही. आता एखाद्या जामीनदाराने आपली जबाबदारी मर्यादित करून घेण्यासाठी ‘हमी प्रिन्सिपलपुरती मर्यादित राहील’ असे वाक्य घालून घेतले, तर त्याचा अर्थ काय? जामीनदार म्हणेल, मुद्दलापुरती. बँक म्हणू शकेल की येथे प्रिन्सिपल म्हणजे मूळ ऋणको, त्याच्याकडून येणे असलेले सर्व. दोन्ही अर्थ एकाच, शुद्ध शब्दात बसतात. म्हणून हमीपत्रात हा शब्द एकटा सोडू नये. मुद्दल म्हणायचे असेल तर ‘प्रिन्सिपल अमाउंट’ आणि त्यापुढे अंकी व अक्षरी रक्कम. माणूस म्हणायचा असेल तर ‘प्रिन्सिपल डेटर’ आणि त्यापुढे त्याचे नाव.

हीच काळजी अडतीच्या व्यवहारात घ्यावी लागते. करार कायद्याच्या कलम १८२ मध्ये ज्याच्यासाठी एजंट काम करतो त्याला प्रिन्सिपल म्हटले आहे. अडत्याने बाहेरगावच्या व्यापाऱ्याचा माल विकला, तर माल पाठविणारा तो प्रिन्सिपल. अशा करारात उचल दिलेली रक्कमही प्रिन्सिपल आणि माल पाठविणाराही प्रिन्सिपल, असे दोन्ही एका पानावर आले की वाचणाऱ्याची तारांबळ उडते. सुरुवातीच्या व्याख्येत एका शब्दाला एकच अर्थ बांधून दिला असेल, तर ती टळते.

तिसरी जोडी अफेक्ट आणि इफेक्ट यांची. शाळेत एवढेच शिकविले जाते की अफेक्ट हे क्रियापद आणि इफेक्ट हे नाम. पत्रव्यवहारात ते पुरते. कायद्याच्या भाषेत पुरत नाही, कारण तेथे इफेक्ट हेही क्रियापद म्हणून सर्रास येते आणि त्याचा अर्थ ‘घडवून आणणे, पार पाडणे’ असा असतो. अफेक्ट म्हणजे एखाद्या गोष्टीवर परिणाम करणे वा तिला बाध आणणे. एकात गोष्ट नव्याने घडते. दुसऱ्यात असलेल्या गोष्टीला धक्का लागतो.

१९०८ च्या नोंदणी कायद्याचे कलम ४९ या दोन्ही शब्दांचा नमुना आहे. त्याच्या शीर्षकात ‘इफेक्ट’ आहे: नोंदणी आवश्यक असूनही न केलेल्या दस्ताचा परिणाम. आणि मजकुरात ‘अफेक्ट’ आहे: असा दस्त त्यातील स्थावर मालमत्तेवर परिणाम करणार नाही, म्हणजे त्या मालमत्तेतील हक्क त्या दस्ताने हलणार नाहीत. वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत असावा लागतो, तेव्हा पाच वर्षांच्या गोदामाच्या कराराला हे कलम थेट लागू पडते.

त्याच गोदामाच्या मसुद्यात हे शब्द कोठे अर्थ बदलतात ते पाहू. ‘लेसीने मालाचा विमा इफेक्ट करावा’ याचा अर्थ त्याने विमा उतरवावा. हे कर्तव्य आहे. ‘लेसीने विमा अफेक्ट होईल असे काही करू नये’ याचा अर्थ असलेल्या विम्याला बाध येईल असे वर्तन करू नये, उदाहरणार्थ गोदामात ज्वालाग्राही माल ठेवू नये. ही मनाई आहे. पहिल्या वाक्यात अफेक्ट लिहिले तर वाक्य वेडेवाकडे होते आणि चूक लगेच दिसते.

फेरफाराच्या कलमात मात्र तसे होत नाही. ‘लेसीने इमारतीत कोणताही फेरफार इफेक्ट करू नये’ असे लिहिले, तर फळ्या ठोकणे, लाकडी आडभिंत घालणे, हेही निषिद्ध ठरू शकते. कारण फेरफार घडवून आणणेच वर्ज्य केले आहे. ‘इमारतीचा मूळ सांगाडा अफेक्ट होईल असा फेरफार करू नये’ असे लिहिले, तर खांब, तुळया आणि भिंती यांना धक्का न लावता केलेली आडभिंत चालते. धान्याच्या व्यापाऱ्याला पोत्यांची थप्पी लावण्यासाठी कप्पे करायचे असतील, तर या दोन वाक्यांतील अंतर त्याच्या रोजच्या कामाचे आहे. करार मोडल्याचे कारण देऊन जागा सोडण्याची नोटीस येते ती अशाच कलमांच्या आधारे. या जोडीसाठी इंग्रजी व्याकरण आठवत बसण्यापेक्षा वाक्य मराठीत मनाशी म्हणावे. ‘घडवून आणणे’ बसले तर इफेक्ट, ‘बाध येणे’ बसले तर अफेक्ट. आणि दोन्ही बसत असतील तर तेथे थांबून, आपल्याला काय ठरले होते ते आठवावे.

चूक सापडल्यावर काय करावे, हे ती कधी सापडली यावर अवलंबून आहे. सहीपूर्वी सापडली तर उत्तम: पान नव्याने छापून घ्यावे. दस्त तयार झाल्यावर, पण नोंदणीपूर्वी सापडली, तर शब्द छेदून वर योग्य शब्द लिहावा आणि त्याजवळ दस्त करून देणाऱ्यांनी सही वा आद्याक्षरी करावी. नोंदणी कायद्याच्या कलम २० नुसार अशा सहीविना खाडाखोड असलेला दस्त स्वीकारण्यास नोंदणी अधिकारी नकार देऊ शकतो. एका पक्षाने आपल्या प्रतीत परस्पर दुरुस्ती करणे मात्र सर्वथा टाळावे. त्याने चूक सुधारत नाही, उलट संपूर्ण दस्त संशयास्पद होतो.

नोंदणीनंतर चूक उघड झाली तर दोन्ही पक्षांनी मिळून चूक दुरुस्ती पत्र करावे आणि तेही नोंदवावे. त्यात मूळ दस्ताचा क्रमांक व तारीख, चुकलेले कलम जसेच्या तसे, आणि त्याऐवजी वाचावयाचे कलम, एवढे असले की पुरते. दुसरा पक्ष तयार नसेल, तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचे कलम २६ उपलब्ध आहे. कपटामुळे किंवा दोन्ही पक्षांच्या समान चुकीमुळे दस्तात त्यांचा खरा हेतू व्यक्त झाला नसेल, तर न्यायालय दस्त दुरुस्त करून देऊ शकते. ‘दोन्ही पक्षांच्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मालक म्हणाला की माझी चूक नव्हती, कर भाडेकरूने भरावा असेच मला अभिप्रेत होते, तर उलट सिद्ध करण्याचा भार व्यापाऱ्यावर येतो. लेखी कराराच्या शर्तींना छेद देणारा तोंडी पुरावा एरवी ग्राह्य धरला जात नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ९२ मधील हे तत्त्व, त्याची जागा घेतलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. चूक वा कपट सिद्ध करण्यासाठी त्याला अपवाद आहे. पण अपवादाचा आश्रय घेणाऱ्याजवळ काहीतरी हवे.

ते काहीतरी म्हणजे बैठकीतील टिपण होय. कर कोणाचा, छप्पर कोणाचे, विमा कोणी उतरवायचा, हे ज्या दिवशी ठरले त्याच दिवशी एका कागदावर मराठीत, नावानिशी लिहून दोघांनी सही केली किंवा तोच मजकूर एकमेकांना संदेशाने पाठविला, तर मसुदा तपासताना तोच कागद समोर ठेवता येतो आणि पुढे वाद झाला तर तोच पुराव्याला उभा राहतो. त्या कागदावर लेसर आणि लेसी हे शब्द नसावेत. तेथे माणसांची नावे असावीत, आणि प्रत्येक नावापुढे त्याने काय द्यायचे व काय घ्यायचे, एवढेच.